ब्राउझर तेच चुकीचे नाव आणि पासवर्ड पुन्हापुन्हा का पाठवतो?

कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातले एखादे पान उघडावे आणि नाव-पासवर्ड विचारणारी खिडकी न येता थेट ‘प्रवेश नाही’ असा निरोप यावा, हा अनुभव अनेकांना येतो. आपल्याकडे योग्य खाते असते, त्याचा पासवर्डही ठाऊक असतो, पण तो लिहायला जागाच मिळत नाही. पान पुन्हा लोड करून काही होत नाही आणि इतिहास पुसूनही बहुधा काही होत नाही. खाजगी खिडकीत मात्र तेच पान सुरळीत उघडते. त्यावरून दोष सर्व्हरचा नाही, एवढे कळते. ब्राउझरने आपली एक जुनी ओळख कुठेतरी जपून ठेवली आहे आणि न विचारता तीच पुढे करत आहे. ती नेमकी कुठे असते, ब्राउझर ती आपणहून का टाकत नाही आणि ती कशी पुसायची, ते या लेखात पाहू.

मुळात काय घडते?

संकेतस्थळावर प्रवेश देण्याच्या अनेक पद्धती आहेत. ज्या पद्धतीत पानावरचा अर्ज न दिसता ब्राउझरचीच एक साधी खिडकी उघडते आणि नाव व पासवर्ड विचारते, ती बहुतेक वेळा ‘बेसिक ऑथेंटिकेशन’ असते. ही पद्धत वेबच्या सुरुवातीच्या काळापासून आहे आणि तिचे सध्याचे प्रमाण २०१५ मध्ये आरएफसी ७६१७ या दस्तऐवजात नोंदवलेले आहे. ती उभारायला सोपी असल्यामुळे छपाईयंत्रांची नियंत्रण पाने, देखरेखीचे फलक, जुने अहवाल अशा अंतर्गत ठिकाणी ती आजही सर्रास आढळते.

तिचे काम असे चालते. ब्राउझर प्रथम काहीही ओळख न देता पान मागतो. सर्व्हर 401 या क्रमांकाचे उत्तर देतो आणि त्यासोबत पुढील ओळ पाठवतो:

```
WWW-Authenticate: Basic realm="Ahaval"
```

यातला `realm` म्हणजे संरक्षित विभागाचे नाव. ही ओळ वाचून ब्राउझर खिडकी उघडतो, आपण नाव-पासवर्ड लिहितो आणि ब्राउझर तीच मागणी पुन्हा पाठवतो. या वेळी तिच्यासोबत `Authorization` नावाचा एक हेडर असतो आणि त्यात आपली ओळख असते. हेडर म्हणजे प्रत्येक मागणीला जोडलेली, पानावर न दिसणारी माहितीची ओळ.

लक्षात घ्यायची गोष्ट ही की या पद्धतीत सर्व्हर ‘हा माणूस आत आला आहे’ अशी नोंद ठेवत नाही. प्रत्येक पानासाठी, प्रत्येक चित्रासाठी ओळख नव्याने दाखवावी लागते. आपल्याला दर वेळी त्रास नको म्हणून ब्राउझर एकदा दिलेली ओळख स्मृतीत ठेवतो आणि त्याच पत्त्यावरच्या, त्याच विभागातल्या पुढच्या मागण्यांना ती आपणहून जोडतो. ही सोय केलेली नसती तर एक पान उघडताना खिडकी दहा वेळा आली असती. आपली सगळी अडचण याच सोयीतून निर्माण होते.

401 आणि 403 यांतला फरक

या प्रश्नाचे मूळ बहुतेक वेळा या दोन क्रमांकांत असते, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल.

एखाद्या इमारतीच्या दारावरच्या पहारेकऱ्याकडे आपण ओळखपत्र देऊन निरोप्याला पाठवले आहे, असे समजा. ‘हे ओळखपत्र मी मानत नाही’ असे पहारेकरी म्हणाला, तर निरोप्या परत येऊन दुसरे ओळखपत्र मागेल. पण ‘ओळखपत्र खरे आहे, फक्त या माणसाला तिसऱ्या मजल्यावर जाण्याची परवानगी नाही’ असे तो म्हणाला, तर निरोप्याच्या दृष्टीने ओळखपत्रात काहीच खोट नाही. तो निरोप आपल्याला सांगतो आणि तेच ओळखपत्र खिशात ठेवून देतो.

पहिले उत्तर 401 आणि दुसरे 403. सर्व्हरकडून 401 आले की ब्राउझर स्मृतीतली ती ओळख बाद करतो आणि पुन्हा खिडकी उघडतो. 403 आले की तो खिडकी उघडत नाही आणि ओळखही टाकत नाही, कारण ती ओळख सर्व्हरने मान्य केलेली असते. म्हणजे पासवर्ड निखालस चुकीचा असेल, तर ब्राउझर फार काळ अडून बसत नाही. तो अडतो ते पासवर्ड बरोबर असून खाते चुकीचे असते तेव्हा.

एक उदाहरण सविस्तर पाहू. `https://ahaval.internal/` या अंतर्गत पत्त्यावर अहवाल ठेवलेले आहेत. तेथे `darshak` हे सर्वांसाठीचे खाते आहे, त्याला फक्त `/masik/` खालची पाने वाचता येतात. `/sampadan/` खालची पाने केवळ संपादकांना उघडतात. एका कर्मचाऱ्याने सकाळी मासिक अहवाल पाहण्यासाठी `darshak` वापरले. दुपारी तिला संपादनाचे काम करायचे आहे आणि त्यासाठी तिचे स्वतःचे वेगळे खाते आहे. ती `/sampadan/` उघडते. दोन्ही भागांचे `realm` एकच, म्हणजे `Ahaval` आहे. ब्राउझर आधी ओळख न देता पान मागतो आणि 401 मिळाल्यावर स्मृतीत पाहतो: या पत्त्यावरच्या, याच नावाच्या विभागासाठी ओळख आहे का? आहे. तो तिला न विचारता `darshak` पाठवतो. सर्व्हर ते खाते ओळखतो, पण संपादकांच्या यादीत ते नसल्यामुळे 403 देतो. तिच्या पडद्यावर थेट ‘Forbidden’ उमटते आणि मधली सगळी देवघेव तिला दिसतच नाही.

तिने आपल्या खात्याचे अधिकार तपासायला व्यवस्थापकाला सांगितले, तर अधिकार बरोबरच असल्याचे आढळेल. तिचे खाते सर्व्हरपर्यंत पोहोचलेच नाही, हे दोघांच्याही लक्षात येणार नाही. अशा तक्रारींवर तासनतास जातात ते याच कारणाने, आणि म्हणून काहीही पुसण्याआधी ब्राउझर नक्की काय पाठवत आहे ते पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

ब्राउझर काय पाठवतो, ते कसे पाहावे?

पान उघडे असताना F12 दाबावे, Network हा भाग निवडावा आणि पान पुन्हा लोड करावे. यादीतल्या पहिल्या, म्हणजे पानाच्याच नोंदीवर क्लिक केल्यावर Headers मध्ये पाठवलेले आणि आलेले हेडर दिसतात. वर उत्तराचा क्रमांक असतो. खाली Request Headers मध्ये अशी ओळ असेल:

```
Authorization: Basic ZGFyc2hhazpqdW5hMTIz
```

शेवटची अक्षरे अगम्य वाटली तरी ती गुप्त नाहीत. नाव, अपूर्णविराम आणि पासवर्ड एकत्र जोडून ते बेस-६४ नावाच्या ठरावीक अक्षरमांडणीत लिहिलेले असते, आणि ती मांडणी कोणालाही किल्लीशिवाय उलटवता येते. Console या भागात पुढील ओळ लिहून एंटर दाबले की मूळ मजकूर समोर येतो:

```
atob("ZGFyc2hhazpqdW5hMTIz")
```

उत्तर मिळते `darshak:juna123`. सकाळचेच खाते जात आहे, हे येथे सिद्ध झाले. ही उकल आपल्या ब्राउझरमध्येच करावी. ती ओळ बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळावर चिकटवणे किंवा तिचे छायाचित्र मदत मागताना कोणाला पाठवणे म्हणजे पासवर्डच देऊन टाकणे होय.

सर्व्हरची बाजू तपासायची असेल तर ब्राउझरला पूर्ण वगळून `curl` या आज्ञेने तेच पान मागता येते. `-u` पुढे फक्त नाव दिले की ती पासवर्ड स्वतंत्रपणे विचारते:

```
curl -i -u sampadak1 https://ahaval.internal/sampadan/
```

येथे 200 आले तर खाते, पासवर्ड आणि अधिकार तिन्ही ठीक आहेत आणि दोष ब्राउझरच्या साठवणीतच आहे. येथेही 403 आले तर ब्राउझर पुसून काहीच साधणार नाही.

ओळख दोन जागी राहते

आतापर्यंत ‘स्मृती’ असा एकच शब्द वापरला, पण प्रत्यक्षात साठवण दोन ठिकाणी असते आणि एक पुसली तरी दुसरी तशीच राहते.

पहिली जागा चालू ब्राउझरच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. मागण्यांना न विचारता जोडली जाते ती ओळख येथली. ती डिस्कवर लिहिलेली नसते, त्यामुळे ब्राउझर पूर्ण बंद झाला की नाहीशी होते. दुसरी जागा म्हणजे ब्राउझरचा पासवर्ड संग्रह, म्हणजे ‘हा पासवर्ड जतन करू का?’ या प्रश्नाला होकार दिल्यावर जेथे नोंद होते तो. हा संग्रह संगणक बंद करूनही टिकतो आणि खात्याशी जोडलेला असेल तर इतर उपकरणांवरही पोहोचतो. नाव-पासवर्डाची खिडकी उघडते तेव्हा तिच्यातल्या चौकटी या संग्रहातून भरून येतात.

लक्षणांवरून दोन्हींतला फरक ओळखता येतो. खिडकी येतच नसेल, तर कारण तात्पुरत्या स्मृतीत आहे. खिडकी येते, पण जुने नाव आधीच भरलेले असते आणि सवयीने ‘साइन इन’ दाबले की ती पुन्हा उगवते, असे होत असेल तर कारण पासवर्ड संग्रहात आहे. पासवर्ड बदलल्यानंतर बहुधा हा दुसरा प्रकार घडतो.

पुसण्याचा क्रम

आधी संग्रहातली नोंद काढावी आणि मग ब्राउझर बंद करावा. उलट क्रमाने केले तर नव्याने उघडलेली खिडकी संग्रहातून पुन्हा जुनेच नाव भरून घेते आणि नकळत आपण ते परत तात्पुरत्या स्मृतीत घालतो.

क्रोममध्ये पत्त्याच्या जागी `chrome://password-manager/passwords` लिहिले की संग्रह उघडतो. फायरफॉक्समध्ये त्यासाठी `about:logins` आहे. एज आणि सफारी यांच्या सेटिंग्जमध्ये पासवर्डचा स्वतंत्र विभाग असतो. तेथे अंतर्गत साइटच्या नावाने शोध घ्यावा. एकाच साइटचे लघुनाव, पूर्ण नाव आणि अंकी पत्ता अशा तीन रूपांत तीन नोंदी असू शकतात, कारण ब्राउझरच्या लेखी ते तीन वेगळे पत्ते असतात. पोर्ट क्रमांक वेगळा असला तरी नोंद वेगळी होते. जी चुकीची असेल तेवढीच नोंद काढावी किंवा तिच्यातला पासवर्ड बदलावा.

त्यानंतर ब्राउझर खरोखर बंद करावा. येथे ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या खिडकीत अडचण आहे ती एकच खिडकी मिटवून भागत नाही, कारण त्याच प्रोफाइलच्या सर्व खिडक्या एकच तात्पुरती स्मृती वापरतात. मॅकवर सर्व खिडक्या मिटवल्या तरी ब्राउझर चालूच राहतो, तेथे Cmd+Q दाबून बाहेर पडावे लागते. विंडोजवर क्रोमच्या System विभागात ‘Continue running background apps when Google Chrome is closed’ हा पर्याय चालू असेल, तर एकही खिडकी दिसत नसताना क्रोम मागे जिवंत राहू शकतो, आणि एजमध्येही अशीच सोय आहे. पत्त्याच्या जागी `chrome://restart` लिहिले की क्रोम पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडतो. एजमध्ये त्याच कामासाठी `edge://restart` चालते. उघडे टॅब परत येतात, पण अर्धवट लिहिलेला अर्ज मात्र आधी जतन करावा.

आपल्या उदाहरणातल्या कर्मचाऱ्याने हे दोन्ही केल्यावर `/sampadan/` उघडले की स्मृतीत काही नसल्यामुळे 401 मिळताच रिकामी खिडकी येईल. तेथे ती आपले खाते लिहील आणि पान उघडेल. मात्र दोन्ही भागांचा `realm` एकच असल्याने यापुढे `/masik/` साठीही तिचेच खाते जाईल. तिला दोन्ही खाती एकाच वेळी हवी असतील तर दुसऱ्या खात्यासाठी ब्राउझरची वेगळी प्रोफाइल करणे हाच नीट मार्ग आहे, कारण प्रत्येक प्रोफाइलची स्मृती आणि संग्रह स्वतंत्र असतो.

ब्राउझर बंद करणे शक्य नसेल तर?

चालू काम सोडून बंद करणे परवडत नसेल, तर क्रोम आणि एजमध्ये जुनी ओळख मुद्दाम चुकीच्या ओळखीने झाकता येते. पत्त्यातच नाव आणि पासवर्ड लिहिण्याची एक जुनी रीत आहे, तिचा येथे उपयोग होतो:

```
https://x:x@ahaval.internal/sampadan/
```

पत्त्यात ओळख लिहिलेली असल्यामुळे ब्राउझर स्मृतीतली ओळख आपणहून जोडत नाही. सर्व्हरने 401 देताच तो `x` पाठवतो आणि स्मृतीतल्या जुन्या नोंदीच्या जागी तीच ठेवतो. असे खाते अस्तित्वात नसल्याने सर्व्हर पुन्हा 401 देतो, ती नोंदही बाद होते आणि खिडकी उघडते. म्हणजे 403 च्या कोंडीतून आपण ब्राउझरला 401 च्या वाटेवर आणले. इतर ब्राउझर अशा पत्त्याला वेगवेगळा प्रतिसाद देतात, काही आधी इशारा देतात, त्यामुळे तेथे ही युक्ती चालेलच असे धरून बसू नये. खरा पासवर्ड मात्र पत्त्यात कधीही लिहू नये, तो इतिहासात किंवा बुकमार्कमध्ये जाऊन बसू शकतो. किंबहुना पुन्हापुन्हा चुकीचेच खाते जात असेल, तर आपण ज्या बुकमार्कवर क्लिक करतो त्याच्या पत्त्यात कोणी असे नाव-पासवर्ड लिहून ठेवले आहेत का, हेही एकदा पाहावे.

फायरफॉक्सच्या ज्या आवृत्तींत इतिहास पुसण्याच्या खिडकीत ‘Active Logins’ ही चौकट आहे, तेथे केवळ तीच निवडून पुसली तरी तात्पुरती स्मृती रिकामी होते.

‘पण मी कॅशे साफ केला होता’

हा आक्षेप हमखास येतो आणि तो चुकीच्या अपेक्षेतून येतो. ‘Cached images and files’ म्हणजे उतरवून ठेवलेली चित्रे आणि फायली, ओळख त्यात नसते. क्रोममध्ये डेटा पुसण्याच्या प्रगत यादीत ‘Passwords and other sign-in data’ असा पर्याय असेल, तर त्याने तात्पुरती ओळखही जाते, पण त्याबरोबर निवडलेल्या कालावधीत जतन केलेले सर्व साइटांचे पासवर्डही जातात. एका अंतर्गत पानासाठी एवढी किंमत मोजण्याचे कारण नाही.

कुकीची बाब थोडी वेगळी आहे. काही साइट पहिल्या वेळी बेसिक पद्धतीने ओळख घेतात आणि त्यानंतर स्वतःची कुकी देऊन तिच्यावर विसंबतात. तेथे `Authorization` मध्ये नवे खाते जात असूनही पानावर जुनेच नाव दिसत राहते. असे दिसले तर त्या एका साइटच्या कुकी काढाव्यात.

‘साधे बाहेर पडण्याचे बटण का नाही?’

कारण ते पुरवण्याची सोय मूळ पद्धतीतच नाही. साठवलेली ओळख टाकून दे, असे सर्व्हरने ब्राउझरला सांगण्याचा ठरावीक मार्ग एचटीटीपीत नाही, हे प्रमाण-दस्तऐवजांनीच सुरक्षेविषयीच्या भागात नमूद केले आहे. साइट चालवणारे एक उपाय करू शकतात: ओळख कोणतीही आली तरी नेहमी 401 च देणारा एक पत्ता, त्याच `realm` सह, ठेवावा. तो उघडला की ब्राउझर स्मृतीतली ओळख पाठवतो, ती नाकारली जाते आणि बाद होते, मग उघडलेली खिडकी रद्द केली की काम झाले. त्याहून चांगले म्हणजे ज्या भागांना वेगवेगळी खाती लागतात त्यांना वेगवेगळे `realm` द्यावेत. आपल्या उदाहरणात `/sampadan/` ला `Sampadan` हे वेगळे नाव असते, तर ब्राउझरला त्या विभागासाठी स्मृतीत काही सापडले नसते आणि त्याने पहिल्याच वेळी खिडकी उघडली असती.

‘मी काहीच केले नाही, तरी खाते कुलूपबंद झाले’

पासवर्ड बदलल्यानंतर हे घडते. देखरेखीचे एखादे पान मागे टॅबमध्ये उघडे असते आणि दर काही सेकंदांनी स्वतःला ताजे करते. पासवर्ड बदलताच त्याच्या पुढच्या मागणीबरोबर जुना पासवर्ड जातो आणि 401 येते. ब्राउझर ती ओळख बाद करतो, पण दुसरा संगणक, दुसरी प्रोफाइल किंवा जुना पासवर्ड लिहून ठेवलेली एखादी स्क्रिप्ट मात्र प्रयत्न करतच राहते, आणि ठरावीक अपयशांनंतर खाते बंद करणारा नियम असेल तर तो लागू होतो. अशा वेळी आपल्या ब्राउझरमध्ये शोधत बसण्यापेक्षा सर्व्हरच्या नोंदवहीत 401 कोणत्या पत्त्यावरून येत आहेत, ते व्यवस्थापकाकडून पाहून घ्यावे. पासवर्ड बदलण्याआधी अशी सगळी पाने बंद करून ठेवली तर हा त्रास बराचसा टळतो.

हे सगळे करूनही जुनेच नाव जात असेल तर

संग्रह रिकामा आहे, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडला आहे, पत्त्यात काही लिहिलेले नाही, आणि तरीही F12 मध्ये पहिल्याच मागणीला `Authorization` जोडलेला दिसतो, अशी स्थिती असेल तर तो हेडर दुसरे कोणीतरी घालत आहे. विकसनाच्या कामासाठी मागणीचे हेडर बदलणारे विस्तार मिळतात आणि त्यांत एकदा लिहिलेला नियम विसरला जातो, म्हणून सर्व विस्तार बंद करून पुन्हा पाहावे. याउलट ब्राउझर कोणताच `Authorization` पाठवत नसताना पानावर जुने नाव दिसत असेल आणि त्या साइटच्या कुकीही काढून झाल्या असतील, तर ती ओळख बहुधा वाटेवरचा मध्यस्थ सर्व्हर जोडत असतो आणि ती बदलण्याचा अधिकार त्या सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडेच असतो. त्याला तक्रार पाठवताना मागणीचा पत्ता, उत्तराचा क्रमांक, वेळ आणि `curl` चा निकाल कळवावा, पण `Authorization` ची ओळ आधी काढून टाकावी.